प्लंबरचे चार आणि टाइलवाल्याचे चार: फ्लोट नेमका कुणाचा?

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीत आम्ही ऑफिसचं इंटिरियर करत होतो. जुनी पार्टिशनं काढून नवं फॉल्स सीलिंग, वायरिंग, पॅन्ट्री, रंग असं नेहमीचंच काम. वेळापत्रकाचा प्रिंट भिंतीवर लावला होता आणि त्यात प्रत्येक कामासमोर टोटल फ्लोटचा कॉलम होता, म्हणजे प्रकल्पाचा शेवट न हलवता ते काम किती दिवस लांबवता येईल तो आकडा. प्लंबिंगसमोर 4, टाइल्ससमोरही 4.

प्लंबरने चार दिवस उशीर केला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, चार्टवर चार दिवस मोकळे लिहिलेत ना?" लिहिलेले होतेच. मग टाइलवाल्यानेही चार दिवस जास्त घेतले, त्याच्याही नावासमोर चारच लिहिले होते. दोघांपैकी कुणीच आपल्या आकड्याबाहेर गेलं नाही, तरी काम चार दिवस लांबलं. चूक माझी होती. टोटल फ्लोट म्हणजे काय हे मला गणितात येत होतं, पण तो कुणाच्या हातात द्यायचा हे कळलं नव्हतं.

म्हणून हा लेख. प्लॅनिंगच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी तेच उदाहरण थोडं सोपं करून हाताने सोडवून दाखवतो. एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. एमएस प्रोजेक्ट किंवा प्रिमाव्हेरा हे सगळं क्षणात करून देतं, पण एकदा हाताने केल्याशिवाय स्क्रीनवरचा आकडा बरोबर आहे की एखादी लिंक राहून गेलीय, हे ओळखता येत नाही.

आधी कामांची यादी आणि कुणानंतर कोण

दिवस म्हणजे कामाचे दिवस, रविवार सोडून.

| काम | दिवस | कशानंतर |
|---|---|---|
| तोडफोड | 4 | – |
| लाइट ऑर्डर | 15 | – |
| वायरिंग | 6 | तोडफोड |
| एसी पाइप | 3 | तोडफोड |
| प्लंबिंग | 4 | तोडफोड |
| टाइल्स | 5 | प्लंबिंग |
| सीलिंग | 7 | वायरिंग, एसी पाइप |
| लाइट फिटिंग | 2 | लाइट ऑर्डर, सीलिंग |
| पेंटिंग | 5 | सीलिंग, टाइल्स |
| वर्कस्टेशन | 4 | पेंटिंग |
| हँडओव्हर | 2 | लाइट फिटिंग, वर्कस्टेशन |

यातल्या दोन गोष्टी समजून घ्या. सीलिंग ग्रिडचं आहे आणि लाइट म्हणजे त्या ग्रिडच्या चौकोनात बसणारी एलईडी पॅनेल, म्हणून ग्रिड पूर्ण झाल्याशिवाय लाइट बसत नाहीत. टाइल्स फक्त टॉयलेट आणि पॅन्ट्रीत आहेत, म्हणून त्यांचा हॉलमधल्या सीलिंगशी संबंध नाही. असं प्रत्येक लिंकमागचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ज्या लिंकचं कारण सांगता येत नाही, ती बहुतेक वेळा सवयीने टाकलेली असते आणि वेळापत्रक उगाच लांबवते.

आता कागदावर प्रत्येक कामाचा एक चौकोन काढा, चौकोनात नाव आणि दिवस लिहा, आणि आधीच्या कामातून नंतरच्या कामाकडे बाण काढा. चौकोनाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लवकरचे आकडे येतील, खालच्या दोन कोपऱ्यांत उशिराचे. सुरुवात डावीकडे, शेवट उजवीकडे.

पुढे जाताना: मोठा आकडा

फॉरवर्ड पासमध्ये एकच प्रश्न विचारायचा: हे काम लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकतं आणि कधी संपतं? सॉफ्टवेअरमध्ये आणि पुस्तकांत या दोन आकड्यांना ES आणि EF म्हणतात.

```
EF = ES + दिवस
ES = आधीच्या सगळ्या कामांच्या EF पैकी सर्वांत मोठा
```

मोठा का? सीलिंगला वायरिंगही पूर्ण हवं आणि एसीचा पाइपही. जो शेवटी संपेल त्याच्यासाठी थांबावंच लागतं.

शून्यापासून सुरू करू. तोडफोड 0 ते 4. लाइटची ऑर्डर कुणावर अवलंबून नाही, तीही पहिल्याच दिवशी देता येते, म्हणून 0 ते 15. तोडफोड संपल्यावर तीन कामं एकदम उघडतात: वायरिंग 4 ते 10, एसी पाइप 4 ते 7, प्लंबिंग 4 ते 8. प्लंबिंगनंतर टाइल्स 8 ते 13.

सीलिंगपाशी पहिल्यांदा दोन बाण एकत्र येतात. वायरिंग 10 ला संपतं, एसी पाइप 7 ला, मोठा आकडा 10. म्हणून सीलिंग 10 ते 17. लाइट फिटिंगला लाइट 15 ला मिळतात आणि सीलिंग 17 ला, म्हणून 17 ते 19. पेंटिंगला सीलिंग 17 आणि टाइल्स 13, म्हणून 17 ते 22. वर्कस्टेशन 22 ते 26. हँडओव्हरपाशी लाइट फिटिंगकडून 19 येतो आणि वर्कस्टेशनकडून 26, म्हणून 26 ते 28.

प्रकल्प 28 दिवसांचा. सोमवारी सुरू केला तर पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी चावी मालकाच्या हातात.

इथे नवे लोक एका ठिकाणी नेहमी अडतात, म्हणून जरा थांबतो. हाताच्या गणितात "4" म्हणजे चौथ्या दिवसाची संध्याकाळ. तोडफोड 4 ला संपली आणि वायरिंग 4 ला सुरू झालं, याचा अर्थ वायरिंगवाले पाचव्या दिवशी सकाळी येतात. सॉफ्टवेअर मात्र तारखा दाखवतं, आणि तिथे तोडफोडीचा शेवट गुरुवारी तर वायरिंगची सुरुवात शुक्रवारी दिसते. काही पुस्तकं पहिला दिवस 1 धरून मोजतात, त्यांच्या सूत्रांत मग एक वजा किंवा अधिक येतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एकाच कागदावर दोन्ही मिसळल्या की फ्लोट एकाने चुकतो आणि चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. शून्यापासून मोजा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

मागे येताना: लहान आकडा

बॅकवर्ड पासमध्ये प्रश्न उलटा होतो. 28 हा शेवट राखायचा असेल, तर हे काम उशिरात उशिरा कधी संपलं तरी चालेल? हे LF, आणि त्यातून दिवस वजा केले की उशिरात उशिरा सुरुवात, म्हणजे LS.

```
LS = LF - दिवस
LF = नंतरच्या सगळ्या कामांच्या LS पैकी सर्वांत लहान
```

इथे लहान आकडा घ्यायचा, कारण पुढच्या कामांपैकी ज्याला सर्वांत आधी जागा लागते त्याचीच वेळ पाळावी लागते.

हँडओव्हरचा LF 28, LS 26. त्याच्या आधीची दोन्ही कामं 26 पर्यंत संपायला हवीत. म्हणून वर्कस्टेशन 22 ते 26 आणि लाइट फिटिंग 24 ते 26. पेंटिंग 17 ते 22. टाइल्सच्या पुढे फक्त पेंटिंग आहे, म्हणून टाइल्स 12 ते 17. प्लंबिंगच्या पुढे टाइल्स, त्यांचा LS 12, म्हणून प्लंबिंग 8 ते 12. लाइट ऑर्डरच्या पुढे लाइट फिटिंग, LS 24, म्हणून ऑर्डर 9 ते 24.

सीलिंगच्या पुढे दोन कामं आहेत: पेंटिंगचा LS 17 आणि लाइट फिटिंगचा 24. लहान 17, म्हणून सीलिंग 10 ते 17. इथे चुकून 24 घेतलात तर सीलिंगला सात दिवस मोकळे दिसतील आणि तुम्ही कारागिरांना दुसऱ्या साइटवर पाठवून बसाल. वायरिंग 4 ते 10, एसी पाइप 7 ते 10. आणि तोडफोडीच्या पुढे तीन LS: वायरिंगचा 4, एसी पाइपचा 7, प्लंबिंगचा 8. लहान 4, म्हणून तोडफोड 0 ते 4.

शेवटी सुरुवातीच्या कामांपैकी निदान एकाचा LS 0 यायलाच हवा. इथे तोडफोडीचा 0 आला, म्हणजे दोन्ही फेऱ्या जुळल्या. नाही आला तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे किंवा लहान-मोठ्याची अदलाबदल झाली आहे. शेवटच्या कामापासून पुन्हा मागे या.

टोटल फ्लोट

```
टोटल फ्लोट = LS - ES   (किंवा LF - EF, दोन्ही सारखेच यायला हवेत)
```

दोन्हीकडून काढा. दोन उत्तरं वेगळी आली तर त्या चौकोनात बेरीज चुकली आहे. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात.

तोडफोड, वायरिंग, सीलिंग, पेंटिंग, वर्कस्टेशन, हँडओव्हर यांचा फ्लोट शून्य. 4 + 6 + 7 + 5 + 4 + 2 = 28. हा क्रिटिकल पाथ. बाकीच्यांपैकी एसी पाइपला 3, प्लंबिंगला 4, टाइल्सला 4, लाइट ऑर्डरला 9, लाइट फिटिंगला 7.

आता माझी चूक पाहा. प्लंबिंगचे 4 आणि टाइल्सचे 4 हे आठ दिवस नाहीत. तोडफोडीपासून पेंटिंगपर्यंतच्या त्या एका वाटेवर मिळून चारच दिवस मोकळे आहेत, आणि तेच चार वाटेवरच्या प्रत्येक कामासमोर पुन्हा पुन्हा छापले जातात. प्लंबिंग 8 ऐवजी 12 ला संपलं की टाइल्सचा फ्लोट तिथेच शून्य झाला, भिंतीवरच्या प्रिंटवर 4 दिसत असला तरी. मग टाइल्स 12 ला सुरू झाल्या, पाच दिवसांचं काम नऊ दिवसांत, म्हणजे 21 ला संपलं. पेंटिंग 17 ऐवजी 21 ला सुरू झालं आणि हँडओव्हर 32 ला.

फ्री फ्लोट

टोटल फ्लोट सांगतो की प्रकल्पाचा शेवट हलणार नाही. फ्री फ्लोट त्याहून कडक प्रश्न विचारतो: मी किती उशीर केला तर माझ्या लगेच पुढच्या माणसाची लवकरची सुरुवातही हलणार नाही?

```
फ्री फ्लोट = (पुढच्या कामांच्या ES पैकी सर्वांत लहान) - या कामाचा EF
```

प्लंबिंग 8 ला संपतं, टाइल्स 8 ला सुरू होऊ शकतात. फ्री फ्लोट 0. टाइल्स 13 ला संपतात, पेंटिंग 17 ला सुरू होतं. फ्री फ्लोट 4. म्हणजे चारही दिवस टाइलवाल्याच्या खात्यात आहेत आणि प्लंबरच्या खात्यात एकही नाही. त्या दिवशी भिंतीवर हा कॉलम असता तर प्लंबरसमोर शून्य दिसलं असतं आणि त्याने काम ओढलं नसतं.

ज्या कामाच्या पुढे फ्लोट असलेलं आणखी एक काम आहे, तिथे हा फरक सर्वांत चांगला समजतो. लाइटची ऑर्डर घ्या. टोटल फ्लोट 9, पण फ्री फ्लोट 17 - 15 = 2. समजा माल भिवंडीच्या गोदामातून 15 ऐवजी 20 ला पोहोचला. हँडओव्हरला धक्का नाही, पाच दिवस नवाच्या आत आहेत. पण पहिले दोनच दिवस कुणाला न दुखावता गेले. उरलेल्या तीन दिवसांनी लाइट फिटिंगची सुरुवात 17 वरून 20 वर ढकलली, आणि त्याचा फ्लोट 7 वरून 4 वर आला. ज्या वायरमनला तुम्ही अठराव्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, त्याला आता तीन दिवसांनी यायला सांगावं लागेल. ठाण्यात चांगला वायरमन तीन दिवस तुमच्यासाठी रिकामा बसत नाही. प्रकल्प वाचला तरी माणूस हातचा जाऊ शकतो, आणि हा खर्च टोटल फ्लोटमध्ये दिसत नाही.

पूर्ण तक्ता असा होतो:

| काम | ES | EF | LS | LF | टोटल | फ्री |
|---|---|---|---|---|---|---|
| तोडफोड | 0 | 4 | 0 | 4 | 0 | 0 |
| लाइट ऑर्डर | 0 | 15 | 9 | 24 | 9 | 2 |
| वायरिंग | 4 | 10 | 4 | 10 | 0 | 0 |
| एसी पाइप | 4 | 7 | 7 | 10 | 3 | 3 |
| प्लंबिंग | 4 | 8 | 8 | 12 | 4 | 0 |
| टाइल्स | 8 | 13 | 12 | 17 | 4 | 4 |
| सीलिंग | 10 | 17 | 10 | 17 | 0 | 0 |
| लाइट फिटिंग | 17 | 19 | 24 | 26 | 7 | 7 |
| पेंटिंग | 17 | 22 | 17 | 22 | 0 | 0 |
| वर्कस्टेशन | 22 | 26 | 22 | 26 | 0 | 0 |
| हँडओव्हर | 26 | 28 | 26 | 28 | 0 | 0 |

शेवट 28 च धरला असेल तर फ्री फ्लोट कधीही टोटलपेक्षा मोठा येत नाही. आला तर "पुढच्या कामांच्या ES पैकी लहान" घेताना एखादा बाण तुमच्या नजरेतून सुटला आहे.

मी आता ठेकेदारांना देतो त्या कागदावर फक्त फ्री फ्लोट असतो. टोटल फ्लोट माझ्या वहीत राहतो. कुणाला जास्त दिवस हवे असतील तर त्याने मला विचारायचं, मग मी त्याच वाटेवरच्या पुढच्या माणसाशी बोलून ठरवतो. एमएस प्रोजेक्टमध्ये हे कॉलम `Total Slack` आणि `Free Slack` या नावांनी मिळतात, प्रिमाव्हेरात `Total Float` आणि `Free Float`. गोष्ट तीच.

सॉफ्टवेअरमधला संशयास्पद आकडा

फाइल उघडल्यावर मी आधी सर्वांत मोठा फ्लोट बघतो. समजा टाइपताना प्लंबिंग आणि टाइल्समधली लिंक राहिली. मग प्लंबिंगच्या पुढे कुणीच नाही, त्याचा LF थेट प्रकल्पाचा शेवट, म्हणजे 28 होतो आणि टोटल फ्लोट 20. अठ्ठावीस दिवसांच्या कामात प्लंबिंगला वीस दिवस मोकळे असू शकत नाहीत, हे साइटवरचं कुणीही सांगेल. टाइल्सही मग प्लंबिंगची वाट न पाहता 0 ते 5 दिसतील, म्हणजे तोडफोड चालू असताना. पहिलं आणि शेवटचं काम सोडून प्रत्येक चौकोनात एक तरी बाण यायला हवा आणि एक तरी बाण बाहेर जायला हवा. आमच्या यादीत लाइट ऑर्डरकडे एकही बाण येत नाही, पण तिचं कारण आहे: ऑर्डर पहिल्याच दिवशी द्यायची असते.

दुसरी गोष्ट आकड्यांत अजिबात दिसत नाही. समजा टाइल्स हॉलमध्येही असत्या. सीलिंगवाल्यांचे घोडे जमिनीवर उभे राहतात, आणि 10 ते 13 या तीन दिवसांत त्याच जमिनीवर टाइल्सही बसत असत्या. कागदावर दोघं बिनधास्त शेजारी काम करतात, जागेवर मात्र एकाला थांबावं लागतं. नेटवर्कला जागा, माणसं, मालाची लिफ्ट यांची मर्यादा तुम्ही सांगेपर्यंत कळत नाही. टाइल्सनंतर सीलिंग अशी लिंक टाकली तर सीलिंग 13 ते 20 होतं आणि हँडओव्हर 31. क्रिटिकल पाथही बदलतो: आता तोडफोड, प्लंबिंग, टाइल्स, सीलिंग, पेंटिंग अशी वाट पुढे जाते आणि वायरिंगकडे तीन दिवस मोकळे होतात. ज्या प्लंबरला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यामागे आता रोज उभं राहावं लागेल.

मालक म्हणाला, 26 ला हवं

असं होतंच. हॉलमध्ये टाइल्स नसलेल्या मूळ उदाहरणाकडे परत येऊ. बॅकवर्ड पास 28 ऐवजी 26 पासून सुरू करा. प्रत्येक LF आणि LS दोनाने कमी होतो, म्हणून प्रत्येक टोटल फ्लोटही दोनाने कमी. क्रिटिकल पाथवर -2 येतं. घाबरू नका, वजा फ्लोट म्हणजे या वाटेवरून दोन दिवस काढावे लागतील एवढाच त्याचा अर्थ. टाइल्सचा टोटल फ्लोट 2 होतो. फ्री फ्लोट मात्र कुणाचाच बदलत नाही, कारण त्याच्या सूत्रात फक्त लवकरचे आकडे आहेत, मालकाची तारीख त्यात येतच नाही. म्हणून टाइल्सला टोटल 2 आणि फ्री 4 असं उलटं दिसेल. वर सांगितलेला "फ्री मोठा येत नाही" हा नियम बाहेरून तारीख लादली की मोडतो, तेव्हा ती चूक समजू नका.

दोन दिवस कुठून काढायचे? टाइल्स किंवा एसी पाइप लवकर करून काहीही मिळत नाही, त्यांच्याकडे आधीच मोकळे दिवस आहेत. काढायचे ते शून्याच्या वाटेवरूनच. वायरिंगला दुसरी टीम लावून 6 चे 4 केले तर वायरिंग 8 ला संपतं, सीलिंग 8 ते 15, पेंटिंग 15 ते 20, वर्कस्टेशन 24, हँडओव्हर 26.

एवढं करून थांबू नका, दोन्ही फेऱ्या पुन्हा मारा. एसी पाइपचा फ्लोट 3 वरून 1 वर आला, म्हणजे वायरिंगमधून आणखी एकच दिवस काढता येईल. त्यानंतर एसी पाइपही क्रिटिकल होतो आणि वायरिंगवर आणखी घातलेले पैसे वाया जातात. लाइटचे फ्री फ्लोटचे दोन दिवस गेले, ऑर्डर 15 ला आणि सीलिंगही 15 ला, म्हणून वायरमनला तारीख देण्याआधी पुरवठादाराला फोन करा. आणि टाइल्स 13 ला संपतात, पेंटिंग आता 15 ला सुरू होतं, म्हणून टाइलवाल्याकडे चार नाही, दोनच दिवस उरलेत. जुना कागद त्याच्याकडून परत घ्या आणि नवा द्या.